ओळखवाल्यांचं कार्ड

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते मामानं ठेवलेलं. लहानपणी ती त्याच्या काजबटणांच्या दुकानात काउंटरवर चढून बसायची आणि येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायची, हे बटण कुणाच्या सदऱ्याला, जुनं कुठं पडलं, पडलं तेव्हा तुम्ही शोधलं का, मग सापडलं कसं नाही. गिऱ्हाईक हसत उत्तरं द्यायचं आणि चार बटणं घ्यायला आलेलं माणूस लेसचं एक रीळही घेऊन जायचं. मामा मामीला म्हणायचा, "हिला शाळेत कशाला घालतात? पोलिसात घाला." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे शिकून ती ज्या कामाला लागली ते कामही देवानं जणू या नावावरून बेतलेलं. लोकांना प्रश्न विचारायचे, ते काय म्हणतात, कसे वागतात ते टिपायचं, आणि त्यातून कंपनीला सांगायचं की बाबांनो, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे एक गर्दी नाही, त्यात वेगवेगळ्या जातकुळीची माणसं आहेत, आणि ती अशी अशी आहेत.

तिची कंपनी छोट्या दुकानांना फुटकळ माल पुरवायची. आता कंपनीनं एक प्लॅन काढायचं ठरवलं होतं. दुकानदारानं महिन्याची वर्गणी भरायची, आणि मालाची ऑर्डर, पोच, न खपलेला माल परत नेणं, हे सगळं कंपनीनं बघायचं. पहिले तीन महिने वर्गणी नाही, चौथ्यापासून आपोआप सुरू. हा प्लॅन कोणत्या दुकानदारांना काय म्हणून द्यायचा, हे ठरवायचं काम चौकशीच्या टीमकडे आलं.

टीमच्या प्रमुख मोठ्या ताई. ऑफिसात त्यांना सगळे ताईच म्हणत. चौकशीला हे काम शिकवलं ते त्यांनीच, अगदी बोट धरून. प्रश्न कसा विचारायचा, इथपासून. "तुम्ही नवीन वस्तू ठेवाल का, असं विचारायचं नाही," ताई म्हणायच्या. "तोंडावर सगळे हो म्हणतात. मागच्या वेळी नवीन काय ठेवलंत, ते कुणी सुचवलं, ठेवण्याआधी कुणाला विचारलंत, हे विचार. झालेली गोष्ट माणूस सांगतो. होणारी तो रचतो." चौकशीला हे वाक्य कीर्तनातल्या ध्रुपदासारखं पाठ झालं होतं. ताईंवर तिचा जीव होता. घरी आईसुद्धा म्हणायची, तुझ्या ताईंचं पुराण झालं असेल तर जेवायला बस.

सेल्सच्या साहेबांनी गट आधीच पाडून ठेवले होते. मोठं दुकान, मधलं दुकान, छोटं दुकान. किराणा, स्टेशनरी, रंग, चपला. चौकशी म्हणाली, ही तर दुकानांची वाटणी झाली, दुकानदारांची नाही. साहेब म्हणाले, मग तुमची वाटणी आणा. झालं, ती पिशवी घेऊन बाजारात उतरली.

आणि बाजारानं तिला उभं केलं नाही. एकानं तिला करवाल्यांच्या ऑफिसातली समजून शटर अर्धं खाली घेतलं. दुसऱ्यानं तिच्या प्रत्येक प्रश्नाला "बरं चाललंय" एवढं एकच उत्तर दिलं, अगदी नाव विचारलं तेव्हाही. चार दिवस चपला झिजवून ती मामाच्या दुकानात येऊन बसली आणि रडकुंडीला आली.

मामाचं दुकान म्हणजे खोका. आत शिरायचं तर डोकं वाकवून, कारण छतापासून लेसची रिळं टांगलेली. तिन्ही भिंतींना बटणांचे छोटे छोटे खण, प्रत्येक खणाच्या तोंडाशी आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. काउंटरच्या आत दोन स्टुलं. एक मामाचं. दुसरं मामीचं, ती गेल्यापासून रिकामं. त्याच्यावर मामा सामान ठेवत नसे आणि कुणाला बसही म्हणत नसे. फक्त चौकशी न विचारता बसायची.

मामानं तिचं गाऱ्हाणं ऐकलं, कात्री खिशात घातली आणि म्हणाला, "चल." मग तो तिला गल्लीभर घेऊन फिरला. रंगवाल्याकडे, स्टेशनरीवाल्याकडे, शेजारच्या भांडेवाल्या काकूंकडे. प्रत्येक ठिकाणी तो एवढंच म्हणाला, "ही माझी भाची. विचारील ते सांगा, कंटाळा येईस्तोवर विचारते." काकू म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यावर गेली." आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

त्या दिवसापासून गल्ली उघडली. चौकशी सकाळी दुकानं उघडताना जायची, दुपारी माल उतरताना, संध्याकाळी गर्दीत. रेकॉर्डर चालू करण्याआधी विचारायची, बंद केला की तेही दाखवायची. ऑफिसात परतून एकेक बोलणं चिठ्ठीवर उतरवायची आणि भिंतीवर लावायची. मग ताई आणि ती त्या चिठ्ठ्या हलवत बसायच्या, सारखी ती सारख्याजवळ. हळूहळू भिंत बोलायला लागली. रंगवाल्याचं दुकान मामाच्या दुकानाच्या दसपट, पण त्या दोघांच्या चिठ्ठ्या सरकत सरकत एका जागी आल्या. दोघांनीही नवीन माल ठेवला तो कुणा ओळखीच्या माणसानं सांगितलं म्हणून. भाव नंतर विचारला, कागद तर वाचलाच नाही. मामाच्या खोक्याएवढंच दुकान असलेला स्टेशनरीवाला मात्र तीन ठिकाणचे भाव ताडून बघितल्याशिवाय रबरसुद्धा घेत नव्हता. दुकानाच्या आकारानं काहीच ठरत नव्हतं. नवीन गोष्ट दाराशी आली की माणूस कशाकडे बघतो, त्यानं ठरत होतं.

मग हेच प्रश्न त्यांनी दुसऱ्या बाजारांतल्या पुष्कळ दुकानदारांना सर्व्हेत विचारले, भिंतीवरचं खरं की एका गल्लीपुरतं, ते बघायला. खरं निघालं. तीन गट पडले. भाव बघणारे ते तराजूवाले. वेळ वाचतो का बघणारे ते घाईवाले. आणि माणूस बघणारे ते ओळखवाले. ओळखवाले सगळ्यांत जास्त.

आता प्रत्येक गटाचा एक पर्सोना करायचा. पर्सोना म्हणजे कागदावर उभा केलेला एक माणूस. त्या गटातल्या सगळ्यांच्या सवयी, गरजा, धास्ती एकत्र करून घडवलेला, म्हणजे प्लॅन आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आकडा न येता माणूस येतो. त्याचा दिवस कसा जातो, त्याला काय हवं, तो कशाला बिचकतो, आणि सर्वांत वर, अवतरणात, त्याच्या तोंडचं एक वाक्य. या कामाचा एक नियमही ताईंनी तिला पहिल्याच वर्षी सांगितला होता. "कार्ड वाचून एखादा म्हणाला, हा तर मी, तर काम चांगलं झालं. पण दुसरा कुणी म्हणाला, हा तर तो, तर आपण चोरी केली." आणि दुसरं सांगितलं होतं ते असं की ही कार्डं प्लॅन आखणाऱ्यांसाठी. विकणाऱ्यांच्या हातात ती जात नाहीत. त्यांना गट किती मोठा आणि कुठं सापडतो एवढंच कळवायचं.

तराजूवाल्याचं वाक्य लगेच सापडलं, घाईवाल्याचंही. ओळखवाल्याचं काही सापडेना. "माणूस ओळखीचा असला की बरं असतं." हे काय वाक्य झालं? मीठ नसल्यासारखं.

तिच्याकडे एक वाक्य होतं. पण ते रेकॉर्डरमधलं नव्हतं.

झालं होतं असं. एका संध्याकाळी मामाशी बोलून तिनं रेकॉर्डर बंद केला, पिशवीत टाकला. गल्लीतली बाकी दुकानं मिटत होती, मामा मात्र निवांत बटणांचे खण लावत बसला होता, लावलेलेच पुन्हा. ती भाचीच्या हक्कानं म्हणाली, मामा, गिऱ्हाईक नाही, काही नाही, बंद कर ना आता, डोळे फोडून घेतोस. मामा मामीच्या स्टुलाकडे, म्हणजे तिच्याकडेच, बघत म्हणाला, "दुकान बंद करायला मला काय गं. पण दुकान बंद केलं की घर उघडावं लागतं."

एवढंच. चौकशीनं त्याच्या हातातला खण काढून घेतला आणि दोघं मिळून पुन्हा लावू लागली. त्या संध्याकाळी ती मामाची भाची होती, कंपनीची कुणी नव्हती.

पण कार्डाची रिकामी जागा समोर दिसू लागली की माणसाचं मन कसं वकिली करतं पहा. ती स्वतःशी म्हणाली, नाव नाही, दुकान नाही. कार्डावरचा माणूस स्टेशनरी विकतो, वयानं मामापेक्षा लहान आहे, त्याचा फोटोही परक्याचा. आणि हे वाक्य वाचून साहेबांना निदान कळेल की हे लोक कागदावर सही करतात ती कशाच्या भरवशावर. भल्यासाठीच तर आहे. चेहरा बदलला म्हणजे माणूस बदलला, अशी तिनं समजूत करून घेतली आणि वाक्य लिहून टाकलं.

मीटिंगमध्ये ते कार्ड पडद्यावर आलं तेव्हा सगळ्यांनी ते दोनदा वाचलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. तिनं पुढे सांगितलं की या गटाला प्लॅन द्यायचा तर एकच माणूस कायम जायला हवा, फोनवर यांचं काम होणार नाही. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं तिला भरून आलं. नंतर ताई म्हणाल्या, कार्डावर मजकूर फार झालाय, खालची एक ओळ काढू. ती ओळ अशी होती: हे लोक एकटे येत नाहीत आणि एकटे जात नाहीत. त्या ओळीऐवजी ताईंनी लिहिलं: एकदा विश्वास बसला की सोडत नाही. चौकशीला दोन्ही एकच वाटल्या. ताई म्हणतात म्हणजे बरोबरच असणार.

त्यानंतर तिला दुसरं काम मिळालं आणि प्लॅन बाजारात गेला.

थोड्या दिवसांनी मामाचा फोन आला, आवाजात कधी नव्हे ती उभारी. तुमच्या कंपनीचा एक पोरगा येतो म्हणाला. फार गुणी. दुकान मिटायच्या वेळेला येतो, मालाचं नावसुद्धा काढत नाही, बसतो, विचारपूस करतो. मामानं त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं. चौकशीला बरं वाटलं, की आपलं सांगणं कंपनीनं ऐकलं, माणूस पाठवला. मिटायच्या वेळेलाच का येतो, असा किडा एकदा डोक्यात वळवळला. पण तिनं तो झटकला. मामा हसत होता, मामी गेल्यापासून प्रथमच. त्यात खोट कुठं काढायची?

मामानं प्लॅन घेतला. मग रंगवाल्यानं घेतला, काकूंनी घेतला, बघता बघता गल्लीनं घेतला. मामा सगळ्यांना सांगायचा, घरचंच आहे, माझ्या भाचीनं केलंय.

चौथा महिना लागला आणि काही दिवसांनी मामाचा फोन आला. "जमलं तर येऊन जा." नेहमीसारखं चौकशीबाई नाही की पोलीस नाही. ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली.

गल्लीच्या तोंडाशीच काकूंनी गाठलं. भांडी पुसत, वर न बघता म्हणाल्या, "या. राणीसाहेबांची स्वारी आली का? आमच्याकडे स्टीलचे डबे मागवले होते, प्लास्टिकचे आले. फोन केला तर बाई म्हणते एक दाबा, दोन दाबा. गळा दाबायचा असेल तर कितवं बटण आहे, ते तुम्हीच सांगा."

चौकशीनं विचारलं, तो येतो ना, पाहुणा? काकूंनी आता वर बघितलं. "वर्गणी सुरू झाली आणि पाहुणा संपला. मामांना विचार."

मामा स्टुलावर बसला होता. समोर गिऱ्हाईक नव्हतं, खणही लावत नव्हता. चौकशी मामीच्या स्टुलावर बसायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की त्याच्यावर लेसची खोकी रचली आहेत. ती उभीच राहिली.

मामा सांगू लागला, न चिडता, एखाद्या परक्याची हकिकत सांगावी तसं. पाहुणा पुष्कळदा येऊन गेला तरी मामानं सही केली नव्हती. बसायला बरं वाटतं, पण जुना घाऊकवाला सोडायचा म्हणजे मन होत नव्हतं. मग एका संध्याकाळी पाहुणा आपल्या बापाविषयी बोलला. बापाचंही छोटं दुकान आहे म्हणाला, आई गेली, आणि बाप दुकान लवकर मिटत नाही. कारण विचारलं तर म्हणतो, दुकान बंद केलं की घर उघडावं लागतं.

"मी रडलो गं त्या पोरापुढे," मामा म्हणाला. "वाटलं, जगात कुठंतरी अगदी माझ्याच मापाचा माणूस आहे. त्याच दिवशी सही केली."

सही करून मामा थांबला नव्हता. त्यानं त्या बापाला निरोप पाठवला, कधी इकडे या, संध्याकाळचे बसत जाऊ. शिंपल्याची चांगली बटणं बाजूला काढून पाहुण्याबरोबर पाठवली, म्हाताऱ्याच्या सदऱ्याला होतील म्हणून. दर वेळी विचारायचा, कधी आणतोस वडलांना? पाहुणा हसायचा, आणतो म्हणायचा. मग यायचा बंद झाला. आणि मागच्या आठवड्यात रंगवाल्याचा मेहुणा आला होता, त्याचं दुकान पलीकडच्या बाजारात. तोही प्लॅनवर. बोलता बोलता म्हणाला, त्यांच्याकडे येणारी मुलगी फार चांगली होती, बिचारीच्या बापाची गोष्ट ऐकून पोटात तुटलं. बाप म्हणे म्हणतो, दुकान बंद केलं की घर उघडावं लागतं.

"काकू म्हणाल्या, एका बापाची दोन लेकरं, आणि एकमेकांना ओळखत नाहीत." मामा किंचित हसला. ते हसू चौकशीला बघवलं नाही. मग त्यानं विचारलं, "हे वाक्य मी एका माणसाला सांगितलं होतं. ते त्यांना कुणी दिलं?"

ती खोटं बोलू शकली असती. म्हणाली, "मी, मामा."

"पैसे मिळाले का त्याचे?"

"नाही."

"मग कशाला दिलंस?" हे त्यानं खरोखर जाणून घ्यायला विचारलं होतं. टोमणा नव्हता तो.

दुसऱ्या दिवशी ती ताईंच्या खोलीत गेली. ताईंच्या टेबलावर तीच तीन कार्डं होती, सेल्सच्या प्रशिक्षणाच्या टिपणाबरोबर टाचलेली. ताईंनी ती लपवली नाहीत. चौकशीनं उभ्याउभ्याच वाचलं. ओळखवाले: दुकान मिटण्याच्या सुमारास भेटावे. मालाविषयी आधी बोलू नये. स्वतःच्या घरचे दुःख सांगावे. वरील वाक्य परिणामकारक ठरते. गल्लीत ज्याचा शब्द चालतो त्याला आधी गाठावे. वर्गणी सुरू झाल्यावर भेटी थांबवून हेल्पलाइनवर वळवावे, या गटाकडे माणूस पाठवणे महाग पडते.

तिनं मांडलेली प्रत्येक गोष्ट त्यात होती. फक्त उलटी करून, सुरीसारखी.

ती म्हणाली, कार्डं विकणाऱ्यांना द्यायची नाहीत हे तुम्हीच शिकवलंत ना? ताई शांतपणे म्हणाल्या की शिकवताना सगळेच असं शिकवतात. साहेबांनी मागितली, प्लॅन रुतला होता, टीम वाचवायची होती. आणि कार्डं काय कपाटात ठेवायला करतो आपण?

"ते वाक्य कुणाचं होतं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुणाचं ते नाही. पण कुणाचं तरी आहे हे वाचताक्षणी कळलं. इतकं खरं वाक्य तुझ्या-माझ्या टेबलावर जन्माला येत नाही." ताईंनी पेनाचं टोपण लावलं. "तुला थांबवायला हवं होतं मी. पण मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे बघितलेस ना? तूही बघितलेस. तुलाही आवडलं होतं."

बोट धरून चालवणाऱ्यानं बोट सोडावं, याचं दुःख समजू शकतं. पण त्या वाटेनं आपणही आपल्या पायांनी चाललो होतो, हे ज्यानं सोडलं त्यानंच दाखवून द्यावं? चौकशीनं ओळखवाल्यांचं कार्ड टाचणीतून सोडवलं आणि ताईंच्या देखत पिशवीत घातलं.

मामानं कार्ड वाचायला जाड भिंगाचा चष्मा लावला, सुईत दोरा ओवताना लावायचा तो. बोटानं ओळ धरून वाचू लागला. मध्ये मध्ये मान हलवत होता. नवीन माल आधी घरच्या माणसाला दाखवतो, बरोबर. छापील कागदाला बिचकतो, बरोबर. अवतरणातलं वाक्य आलं तेव्हा बोट त्याच्यावरून न थांबता पुढे गेलं. शेवटच्या ओळीवर मात्र थांबलं.

"एकदा विश्वास बसला की सोडत नाही. हे कुणी लिहिलं?"

चौकशीनं सांगितलं, हे ताईंनी. मी लिहिलं होतं की हे एकटे येत नाहीत आणि एकटे जात नाहीत.

"तुझं बरोबर होतं," मामा म्हणाला. क्षणभर तिला वाटलं, आता तो म्हणेल, बस. पण त्यानं चष्मा खिशात घातला, कार्ड उचललं आणि वाकून दुकानाबाहेर पडला.

आधी तो काकूंकडे गेला. मग रंगवाल्याकडे, मग पुढे. ज्या क्रमानं त्यानं भाचीला गल्लीभर फिरवलं होतं, त्याच क्रमानं. ती बटणांच्या खणांपाशी उभी राहून बघत होती. प्रत्येक दुकानात तो कार्ड दाखवत होता, स्वतःच्या छातीवर बोट ठेवत होता, आणि समोरचा माणूस कार्ड हातात घेऊन आधी मामाकडे आणि मग लांबून तिच्याकडे बघत होता. काय बोलला ते तिला काकूंनी नंतर सांगितलं. म्हणाला, मी तुम्हाला शब्द दिला होता, तो चुकीचा होता, परत घेतो. मी प्लॅन सोडतोय, तुमचं तुम्ही बघा.

कुणीच आपलं आपण बघितलं नाही. महिना संपायच्या आत अख्खी गल्ली प्लॅनमधून बाहेर पडली. त्यांच्यामागे रंगवाल्याच्या मेहुण्याचा बाजार. मग तिथल्या कुणाच्या व्याह्यांचा.

ऑफिसात साहेब आकडे घेऊन बसले. तराजूवाले एकेक करून जातात, घाईवालेही तसेच. हे ओळखवालेच एका झटक्यात कसे गेले? हे तर सोडून न जाणारे होते ना? खोलीत ताईही होत्या. त्या समोरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होत्या. चौकशीनं सांगितलं की हे लोक एकटे जात नाहीत असं पहिल्या मसुद्यात लिहिलेलं होतं, आणि एक एक करून सगळंच सांगितलं, वाक्य कुणाचं तेही, ते आपण चोरलं तेही. साहेब ऐकत होते. शेवटी त्यांनी टिपण बंद केलं आणि म्हणाले, मग काढून टाका ते कार्ड, चालत नाही ते. नवीन करा. चोरीचं त्यांनी काही विचारलं नाही. नवीन कार्ड मी करणार नाही, असं चौकशी म्हणाली तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे, दुसरं कुणी करील.

संध्याकाळी ती मामाकडे गेली. हातात काही नव्हतं, साधी पिशवीसुद्धा. अजून चांगला उजेड होता, रंगवाल्याकडे गर्दी होती, पण मामा शटरची काठी शोधत होता. हल्ली तो याच वेळेला मिटतो, असं काकू म्हणाल्या. मिटायच्या वेळेला कुणी येऊन बसायला नको म्हणून.

तिनं सांगितलं, मामा, ते कार्ड काढून टाकलं. तुझं वाक्य आता कुठंच नाही.

मामानं मान डोलावली. मामीच्या स्टुलावरची लेसची खोकी त्यानं एकेक उचलून काउंटरवर ठेवली. तिला आत घेतलं. बस म्हणाला. ती बसली. त्याच्या तोंडावर एक जुना, ओळखीचा भाव आला, काहीतरी सांगायच्या आधी यायचा तो. तो तिच्याकडे वळला, तोंड उघडलं, आणि थांबला.

"तुझं ते यंत्र बंद आहे ना?"

"आणलंच नाही मी, मामा."

"हो, हो." मामानं तिच्या मोकळ्या हातांकडे बघितलं. "पण तेव्हाही बंदच होतं."

मग तो शिंपल्याच्या बटणांचा भाव कसा वाढलाय ते सांगू लागला. चांगलं तपशिलात सांगितलं, कुठून येतात, कोण आणतं. सांगून झाल्यावर त्यानं काठीनं शटर ओढलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली खिशात टाकून घराकडे चालू लागला. चौकशी दोन पावलं मागून चालत राहिली. काही विचारलं नाही.